शेवटच्या स्लाईडवर एकच मागा

आपल्या तरुणांच्या इन्स्टाग्राम पोस्ट बघा. नऊ स्लाईड मेहनतीच्या असतात, माहिती पक्की असते. दहाव्या स्लाईडवर मात्र लाईक करा, शेअर करा, कमेंट करा, सेव्ह करा, फॉलो करा आणि खाली 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा'. वाचणाऱ्याकडे एका वेळी पाच कामं मागितली की तो अंगठा सरकवून पुढे जातो. महाडला २० मार्च १९२७ रोजी कृती एकच होती, चवदार तळ्याचं पाणी पिणं. ते सांगायला वेगळ्या व्याख्यानाची गरज नव्हती.

वरठीच्या एखाद्या पोराने पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीवर पोस्ट केली असं समजा. अर्ज महाडीबीटीवर, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, जातीचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेलं बँक खातं. ही यादी आज वाचून आज वापरायची नाही. ती लागेल मोहाडीला दाखल्यासाठी किंवा बँकेत जाल तेव्हा. म्हणून शेवटची ओळ अशी हवी: 'ही पोस्ट सेव्ह करा, दाखला काढायला जाताना उघडा.' नुसतं 'सेव्ह करा' म्हटलं तर कशासाठी ते कळत नाही. कधी उघडायची हे सांगितलं की माणूस बटण दाबतो. लाईक, फॉलो त्या स्लाईडवर नकोच. घोषणा लिहायचीच असेल तर पहिल्या स्लाईडवर लिहा.

कमेंट तेव्हाच मागा, जेव्हा उत्तर तुम्हाला खरंच हवं आहे. 'तुम्हाला काय वाटतं?' विचारलं तर खाली 'जय भीम', 'नमो बुद्धाय' एवढंच येतं. ते प्रेमाने येतं, पण त्यातून काही हाती लागत नाही. 'तुमचा अर्ज कुठे अडकला आहे, कॉलेजकडे की समाजकल्याणकडे? एका शब्दात लिहा' असं विचारा. 'कॉलेज' या उत्तरांची रांग लागली तर पुढचं निवेदन कोणाला द्यायचं ते ठरतं.

इथेच एक धोका आहे आणि त्याकडे आपले कार्यकर्ते कमी लक्ष देतात. कमेंट सगळ्यांना दिसते, प्राचार्यांनाही. 'प्रवेशाला पूर्ण फी मागणाऱ्या कॉलेजचं नाव कमेंटमध्ये लिहा' असं आवाहन म्हणजे ज्या पोरीचा अर्ज अजून त्याच कॉलेजच्या टेबलावर आहे, तिला पुढे करणं. अशा पोस्टखाली 'मेसेज करा, नाव बाहेर जाणार नाही' एवढंच लिहा आणि तो शब्द पाळा. सेव्ह कोणी केलं हे मात्र कोणालाच कळत नाही, तुम्हालाही फक्त आकडा दिसतो. घाबरणाऱ्या वाचकाला तेच सोयीचं.

तो आकडा इन्साईट्समध्ये बघा. कागदपत्रांच्या पोस्टला लाईक भरपूर आणि सेव्ह मोजकेच असतील, तर लोकांनी कौतुक केलं, पण यादी सोबत नेली नाही. पुढच्या पोस्टला शेवटची ओळ बदला, बाकी काही बदलू नका, मग फरक कशाने पडला ते कळेल.