डी-बायफोकल नेमका कुणाला द्यायचा?

प्रोग्रेसिव्ह आले आणि बायफोकलचे दिवस संपले, असे गृहीत धरून आपल्यापैकी अनेक जण चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकापुढे थेट प्रोग्रेसिव्हचे दरपत्रक ठेवतात. डी-बायफोकल मग उरतो तो ज्याला ते परवडत नाही त्याच्यासाठी. ही वाटणी चुकीची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. काच ठरायला हवी ती त्या माणसाचे जवळचे काम किती रुंद आहे आणि तो ते किती वेळ करतो यावर.

साठीच्या एका हिशेबनिसाचे उदाहरण घेऊ. दूरचा नंबर जवळजवळ नाही, अ‍ॅड +२.५० आणि दिवसभर समोर उघडी वही. त्याला १४ मिमी कॉरिडॉरचा प्रोग्रेसिव्ह दिला आणि पॉवर त्यात सारख्या गतीने चढते असे धरले, तर दर मिलिमीटरला सुमारे ०.१८ डायॉप्टर वाढतो. मिंकविट्झच्या नियमाप्रमाणे मधल्या रेषेपासून बाजूला सरकताना नको असलेला सिलिंडर याच्या दुप्पट वेगाने, म्हणजे दर मिलिमीटरला ०.३६ डायॉप्टरने वाढतो. अर्धा डायॉप्टर सिलिंडर डोळा चालवून घेईल असे मानले, तरी कॉरिडॉरमधली स्वच्छ वाट दोन्ही बाजू मिळून तीन मिमीसुद्धा भरत नाही. खाली पॉवर स्थिरावते तिथे जागा रुंदावते हे खरे, पण कडेची धूसरता तिथेही सुटत नाही. म्हणून रकान्यामागून रकाना वाचताना तो डोळ्यांऐवजी मान फिरवत राहतो, आणि संध्याकाळी मानदुखीची तक्रार सांगतो तेव्हा आपण ती वयाच्या खात्यावर टाकतो. याउलट २८ मिमीच्या डी-सेगमेंटमध्ये पूर्ण अ‍ॅड या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी मिळते. डोळा फिरण्याचे केंद्र काचेच्या मागे सुमारे २७ मिमीवर धरले, तर ४० सेंमीवरच्या पानावर ही खिडकी ढोबळमानाने ४४ सेंमी रुंद पडते. डोळे इतक्या टोकाला फारसे कुणी नेत नाही, पण उघडी वही किंवा वर्तमानपत्राचे पान मान न हलवता वाचायला एवढी रुंदी पुरते. मुद्रितशोधक, पोथी वाचणारे, पाटावर बसून बारीक काम करणारे सोनार आणि वर्षानुवर्षे बायफोकलच वापरत आलेली मंडळी याच खिडकीसाठी परत येतात. त्यांच्या या पसंतीला सवयीचा हट्ट म्हणणे अन्याय आहे.

आता फ्री-फॉर्ममुळे हा प्रश्न सुटला, असे सांगितले जाते. फ्री-फॉर्मने फ्रेमचा झुकाव, पीडी आणि नंबर यांचा हिशेब काचेत उतरवता येतो, धूसरता कुठे ढकलायची हेही बऱ्याच अंशी ठरवता येते; पण गुळगुळीत पृष्ठभागाची भूमिती कोणत्याही यंत्राला बदलता येत नाही. दुसरा आक्षेप चित्र उडण्याचा, आणि तो खरा आहे. मात्र २८ मिमीच्या डी-सेगमेंटचे ऑप्टिकल सेंटर रेषेखाली सुमारे ५ मिमीवर असल्याने +२.५० अ‍ॅडला ही उडी सव्वा प्रिझम डायॉप्टर येते. २२ मिमीच्या गोल सेगमेंटमध्ये तीच पावणेतीन होते. बायफोकलला लागलेला बट्टा बराचसा त्या जुन्या गोल सेगमेंटचा आहे. जिन्यावरून पडण्याची भीती दोन्ही काचांना सारखीच लागू आहे. २००२ मधल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात पडण्याचा वाढलेला धोका दिसला तो सर्वच मल्टिफोकल चष्म्यांत. म्हणून रोज बाहेर फिरणाऱ्या वृद्धाला चालण्यासाठी फक्त दूरच्या नंबराचा वेगळा चष्मा सुचवणे शहाणपणाचे.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र बायफोकल हरतो. आपल्या हिशेबनिसाच्या डोळ्यात अर्धा डायॉप्टर अ‍ॅकोमोडेशन उरले असेल, तर वरच्या भागातून त्याला दोन मीटरपर्यंतचे दिसेल आणि सेगमेंटमधून ४० ते ३३ सेंमीमधले. हाताच्या अंतरावरचा संगणक नेमका मधल्या पोकळीत सापडतो. वहीची जागा पडद्याने घेतली असेल, तर त्याला डी-बायफोकल देणे ही चूकच. ज्याला काचेवरची रेषा दिसायला नको आहे, त्याच्या इच्छेलाही तितकाच मान हवा.

एक गोष्ट फिटिंगची. रेषा साधारणपणे खालच्या पापणीच्या कडेला येते. वाचताना गिऱ्हाईक हनुवटी उचलत असेल तर सेगमेंट खाली बसला आहे, आणि चालताना रेषा आडवी येत असेल तर वर. दोन्ही खुणा चष्मा देतानाच दिसतात. त्यासाठी त्याला पान हातात देऊन बसवा आणि चार पावले चालवून पाहा.

दरपत्रक उघडण्यापूर्वी फक्त एवढे विचारा: दिवसभर काय वाचता, ते केवढे रुंद असते आणि पडद्यासमोर किती वेळ बसता? उत्तर रुंद कागदाकडे झुकत असेल, तर डी-बायफोकल आधी दाखवा.