छायाचित्रावरून जिरे, शहाजिरे, बडीशेप व ओवा : नकारापुरता पुरावा

गेल्या काही वर्षांत द्रव्यखरेदीची रीत पालटली आहे. पूर्वी आडत्याकडून कागदाच्या पुडीत नमुना येत असे. वैद्य तो तळहातावर घेत, चुरडून वास घेत, एखादा दाणा दातांखाली धरीत आणि मग होकार देत. आता भ्रमणध्वनीवर जवळून घेतलेले छायाचित्र येते, त्याखाली ‘माल चालेल का?’ एवढाच प्रश्न असतो आणि उत्तर घटकाभरात द्यावयाचे असते. या नव्या रीतीत आमच्याकडून घडलेली एक चूक येथे मांडून त्यावरून आमचे मत आम्ही व्यवसायबंधूंपुढे ठेवीत आहोत.

आमच्या परिचयाच्या एका फार्मसीचालकांना हिंग्वष्टक चूर्णासाठी कृष्णजीरक हवे होते. त्यांनी व्यापाऱ्याकडून आलेले छायाचित्र आम्हांस पाठविले. पांढऱ्या कागदावर गडद तपकिरी, बारीक, लांबट दाणे पसरलेले होते. रंग पाहून आम्ही ‘शहाजिरे दिसते’ असे कळविले. दहा किलो माल आला. चूर्णासाठी दळण सुरू होताच दळणाऱ्या बाईंनीच सांगितले, ‘याला तर साध्या जिऱ्याचा वास येतो.’ माल खरोखरच जुने, काळवंडलेले साधे जिरे होते. परतीची गोष्ट काढताच व्यापारी म्हणाला, ‘फोटो तुमच्या वैद्यांनीच पसंत केला होता.’ यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

हिंग्वष्टकात श्वेतजीरक व कृष्णजीरक ही दोन्ही स्वतंत्र द्रव्ये आहेत. दोन्ही गोण्यांत एकच जिरे असते, तर एक द्रव्य दुप्पट व दुसरे नाहीसे झालेले चूर्ण रुग्णांपर्यंत गेले असते आणि चूर्ण झाल्यावर ती चूक डोळ्यांनी कोणाच्याही लक्षात आली नसती.

त्यानंतर आम्ही तेच छायाचित्र मोठे करून पुन्हा पाहिले, आणि आमचे उत्तर चुकीचे ठरविणारा सर्व पुरावा त्यातच होता असे आढळले. आम्ही रंगापासून आरंभ केला, म्हणून तो दिसला नाही.

ही चारही द्रव्ये एकाच वनस्पतिकुलातील आहेत. ज्यांना आपण बी म्हणतो ती वस्तुतः फळे होत. प्रत्येक फळ दोन अर्धांचे बनलेले असते आणि प्रत्येक अर्धावर पाच मुख्य उभे कंगोरे असतात. त्यामुळे ‘रेघा आहेत’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. दोन अर्ध जुळलेले आहेत की सुटलेले, दाणा सरळ आहे की वाकलेला, कंगोरे जाड आहेत की बारीक आणि पृष्ठभाग गुळगुळीत, केसाळ की खरखरीत, हे चार प्रश्न विचारावयाचे असतात. रंगाचा प्रश्न शेवटचा.

जिऱ्याचा दाणा सुमारे ४ ते ६ मिलिमीटर लांब व दोन्ही टोकांस निमुळता असतो. त्याचे दोन अर्ध बहुधा जुळलेले राहतात आणि पुष्कळदा तळाशी बारीक देठही टिकून असतो. मुख्य कंगोऱ्यांच्या मध्ये आणखी दुय्यम कंगोरे असल्यामुळे दाणा दाट रेघांनी भरलेला दिसतो. त्या दुय्यम कंगोऱ्यांवर आखूड राठ केस असतात. हाताळणीत ते बरेच झडतात, तरी काही दाण्यांवर मोठ्या केलेल्या छायाचित्रात खुंटासारखे दिसतात.

शहाजिऱ्याची, म्हणजे आयुर्वेदिक फार्माकोपियाने कृष्णजीरक म्हणून स्वीकारलेल्या केरम कार्वीची, लांबी जवळजवळ तेवढीच असते. त्यामुळे केवळ मापाने ही दोन वेगळी करता येत नाहीत. परंतु शहाजिऱ्याचे अर्ध बहुधा सुटे झालेले असतात आणि प्रत्येक अर्ध कोयत्याच्या पात्यासारखा वाकलेला असतो. गडद तपकिरी अंगावर फिकट पिवळसर असे पाचच कंगोरे सारख्या अंतरावर असतात. केस मुळीच नसतात. दाणा आडवा कापल्यास छेद जवळजवळ समभुज पंचकोनासारखा दिसतो, म्हणून दाणा कोणत्याही कुशीवर पडला तरी कंगोऱ्यांतील अंतर सारखेच वाटते.

आता आमचे छायाचित्र पाहा. त्यात एकमेकांवर न पडलेले, स्पष्ट दिसणारे तीस दाणे आम्ही मोजले. त्यांपैकी सव्वीस अखंड व सरळ होते आणि अनेकांना देठ होता. उरलेले चार सुटे अर्ध होते व ते किंचित वाकलेले होते. पहिल्या वेळी आमची दृष्टी नेमकी या चारांवर गेली असावी. जिऱ्याचा सुटलेला अर्धही थोडा वाकडा दिसतो, म्हणून एकदोन दाण्यांवरून निर्णय करू नये. निदान वीस दाणे मोजावेत. शहाजिऱ्यात सुटे व वाकलेले दाणे बहुसंख्य असतात, येथे ते अपवाद होते. शिवाय पाच-सहा दाण्यांवर खुंटासारखे केस स्पष्ट होते, आणि त्यांतील एकही केस ‘शहाजिरे’ हे उत्तर बाद करण्यास पुरेसा होता.

मग रंग गडद का दिसला? माल जुना होता हे एक कारण. दुसरे कारण छायाचित्राच्या रीतीत आहे. स्वयंचलित कॅमेरा पांढरीशुभ्र पार्श्वभूमी फार उजळ समजून सर्वच चित्र मंद करतो, त्यामुळे तिच्यावरचे दाणे प्रत्यक्षाहून काळे दिसतात. काळ्या गोणपाटावर तेच दाणे फिकट दिसतील. पिवळ्या दिव्याखाली हिरवी बडीशेपसुद्धा तपकिरी होते. म्हणून रंगाची साक्ष शेवटी घ्यावी आणि तीही इतर लक्षणांशी जुळली तरच.

बडीशेप सर्वांत मोठी, साधारणतः ५ ते १० मिलिमीटर, असल्याने चूक होणार नाही असे वाटते. परंतु जवळच्या छायाचित्रात माप हरवते. मुखशुद्धीसाठी विकली जाणारी बारीक हिरवी बडीशेप, शेजारी माप नसल्यास, जिऱ्यासारखी दिसू शकते. अशा वेळी कंगोरे पाहावेत. बडीशेपेचे कंगोरे ठसठशीत, जाड व गवती पिवळ्या रंगाचे असतात, पृष्ठभाग गुळगुळीत व केसरहित असतो आणि वरच्या टोकाशी फुलाचा दुभंगलेला अवशेष दिसतो.

ओवा ओळखण्यास सोपा, कारण तो लांबट नसून अंडाकार व जेमतेम २ ते ३ मिलिमीटरांचा असतो. त्याच्या राखी-तपकिरी अंगावर कंगोऱ्यांबरोबर फिकट, बारीक पुटकुळ्या असतात, त्यामुळे तो खरखरीत दिसतो. येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. खुरासानी ओवा नावसाधर्म्याने व लहान राखी दाण्यांमुळे ओव्याच्या जागी येऊ शकतो आणि ते विषारी द्रव्य आहे. त्याचा दाणा चपटा, मूत्रपिंडाच्या आकाराचा असतो व त्यावर जाळीसारखे खळगे असतात, कंगोरे नसतात. ओव्याच्या छायाचित्रात कंगोरे स्पष्ट दिसत नसतील, तर चित्र अस्पष्ट आहे असे म्हणून पुढे जाऊ नये; दुसरे चित्र मागवावे.

छायाचित्र कसे घ्यावे हे व्यापाऱ्यास सांगणे आपले काम आहे. दाणे राखी रंगाच्या साध्या कागदावर, एकमेकांना न चिकटता पसरावेत. शेजारी मिलिमीटरच्या खुणांची पट्टी ठेवावी. नाणे ठेवू नये, कारण रुपयाचे जुने नाणे २५ मिलिमीटरांचे व २०११ मध्ये आलेले सुमारे २२ मिलिमीटरांचे आहे आणि चित्रात कोणते आहे हे पाहण्याचे आपण विसरतो. खिडकीतून एका बाजूने येणारा दिवसाचा प्रकाश घ्यावा. फ्लॅश वापरू नये. समोरून पडणाऱ्या प्रकाशात कंगोऱ्यांची सावली नाहीशी होते आणि दाणा सपाट दिसतो.

इतके करूनही छायाचित्राची मर्यादा सुटत नाही. तेल काढून घेतलेली बडीशेप आकाराने व कंगोऱ्यांनी बडीशेपच असते. तिचे निःसत्त्वपण चित्रात उतरत नाही. बाजारात शहाजिरे या एकाच नावाने केरम कार्वी व काश्मीर-हिमाचलकडील बुनियम पर्सिकम ही दोन्ही विकली जातात. दुसऱ्याचा दाणा अधिक बारीक व काळसर असतो, परंतु चित्रावरून त्यांचा निवाडा करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. दाणा चुरडल्यावर मात्र पहिल्याचा वास साध्या जिऱ्याहून अगदी निराळा लागतो, तर दुसऱ्याचा जिऱ्याच्या जवळ जातो. ओव्याचा उग्र वास तर चुरडताक्षणीच साक्ष देतो. आमची चूक दळणाऱ्या बाईंनी पकडली ती नाकानेच.

काही व्यवसायबंधू म्हणतील की, तालुक्याच्या गावी बसून प्रत्येक वेळी नमुना मागविणे परवडत नाही. चार दिवस जातात आणि भावही बदलतो. ही अडचण आम्ही नाकारीत नाही. छायाचित्र टाकून द्यावे असेही आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की छायाचित्र नकार देण्यास पुरेसे आहे, होकार देण्यास नाही. शहाजिऱ्यावर केस दिसला, ओव्यावर कंगोरा नसला, तर तेथेच ‘नको’ म्हणावे. चार दिवस व गाडीभाडे दोन्ही वाचतील. मात्र सर्व लक्षणे जुळली तरी उत्तर ‘नमुना पाठवा’ असेच असावे आणि घाईच असेल तर खरेदीच्या पत्रात ‘माल पोहोचल्यावर तपासून स्वीकारला जाईल’ ही ओळ असावी. ती ओळ असती, तर आमच्या परिचितांची गोणी परत गेली असती.

सध्या ते दहा किलो जिरे आमच्या परिचितांच्या कोठीत वेगळे ठेवलेले आहे. इतके जुने जिरे श्वेतजीरक म्हणूनही वापरावे असे आम्हांस वाटत नाही. त्याची अर्धी किंमत आम्ही सोसली. त्यातील मूठभर दाणे एका बाटलीत भरून, शेजारी खऱ्या शहाजिऱ्याची बाटली व एक भिंग, असे आमच्या मेजावर ठेवले आहे. छायाचित्र आले की आधी त्या दोन बाटल्या उघडतो आणि मगच उत्तर लिहितो.