बावीस स्लाइड्स आणि एक माईक

डिसेंबर-जानेवारीत 'हिचं मराठी जरा बरं आहे' अशी ख्याती असलेल्या प्रत्येकाला एक फोन हमखास येतो. "अगं, आमच्या शाळेचं गॅदरिंग आहे. प्रोग्रॅमचं पीपीटी पाठवतो, तू मध्ये मध्ये चार ओळी टाकून अँकरिंग लिहून दे." चार ओळी! बॉस, इथेच फसगत आहे. पीपीटीमध्ये असतो क्रम, आणि निवेदन लिहायचं असतं ते दोन कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या जागेसाठी. ती जागा कुठल्याच स्लाइडवर नसते.

माझी यंदाची केस भंडारा जिल्ह्यातली. साकोलीकडची एक शाळा, संध्याकाळी ६ ते ८.३०चा कार्यक्रम, नववीतले दोन निवेदक, आणि मेलवर आलेली annual_day_final2.pptx. स्लाइड्स २२: एक शीर्षकाची, एक पाहुण्यांची, चार औपचारिक भागाच्या आणि सोळा आयटम्सच्या.

फाइल उघडली आणि पहिल्याच स्लाइडवर दिसलं HkaMkjk. घाबरू नका, व्हायरस नाही. शाळेच्या कॉम्प्युटरवर मराठी कृतिदेव फाँटमध्ये टाइप झालंय आणि तो फाँट आपल्याकडे नाही, म्हणून 'भंडारा'चं असं झालं. फाँट टाकला किंवा मजकूर युनिकोडमध्ये कन्व्हर्ट केला की सुटलं. पण कन्व्हर्ट झाल्यावर जोडाक्षरं एकदा डोळ्यांनी तपासा, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी तिथेच उड्या मारतात.

खरी गोची रोमन लिपीतल्या नावांची. पाहुण्यांच्या स्लाइडवर Bante असं आडनाव होतं. पुण्या-मुंबईचा माणूस ते 'बंते' वाचून मोकळा होईल. भंडाऱ्यात ते 'बांते' आहे. Gabhane, Katekhaye, Hatwar... गभणे, काटेखाये, हटवार. ही आडनावं इथल्या प्रत्येक हजेरीपटावर असतात आणि समोर बसलेल्या अर्ध्या मांडवाला ती पाठ असतात. म्हणून पहिला फोन सरांना लावायचा आणि सगळी नावं त्यांच्या तोंडून ऐकून देवनागरीत लिहून घ्यायची.

मग घड्याळ. सोळा आयटम्स, प्रत्येकी सरासरी चार मिनिटं, म्हणजे ६४. दीपप्रज्वलन ते प्रास्ताविक २०, भाषणं २५, बक्षिसं २५, आभार ५. ही झाली ७५. बेरीज १३९. हातात आहेत १५० मिनिटं. उरली ११, आणि स्टेज बदलायचं सोळा वेळा! म्हणजे प्रत्येक बदलाला जेमतेम ४० सेकंद. पहिलीची बत्तीस फुलपाखरं स्टेजवरून उतरवायलाच तेवढा वेळ लागतो.

मी सरांना प्रत्येक आयटमपुढे फक्त एक गोष्ट लिहून मागितली: स्टेजवर सामान काय लागतं? उत्तर आलं, तेरा आयटम्सना काहीच नाही, तीन नाटुकल्यांना विहीर, झोपडी आणि पलंग. म्हणजे तेरा बदल एकेका मिनिटाचे आणि तीन बदल तीन-तीन मिनिटांचे. एकूण २२. १३९ आणि २२ मिळून १६१, म्हणजे कार्यक्रम संपणार ८.४१ला. अकरा मिनिटांनी काय बिघडतं? आसपासच्या गावांतली मुलं घरी सोडायला गाडी नऊला निघणार होती. त्यात पाहुणे वीस मिनिटं उशिरा आले, की मेकअप पुसायच्या आत पळापळ.

इथला फंडा असा. पीपीटीत बक्षिसं एका स्लाइडवर, सलग २५ मिनिटं होती. त्यांतली तीन इयत्तांची बक्षिसं बाजूला काढली, प्रत्येकी तीन मिनिटांची. ती पडद्यापुढे द्यायची, आणि मागे झोपडी उभी राहते. नऊ मिनिटं तिथल्या तिथे वाचली आणि शेवट ८.३२वर आला. मात्र प्रमुख पाहुणे भाषण झालं की बहुधा निघतात. म्हणून नंतरची बक्षिसं कुणाच्या हस्ते, हे आधीच ठरवून संहितेत नावानिशी लिहायचं.

उरले तेरा एक-मिनिटाचे बदल. नववीच्या दोघांना फोनवर वाचायला लावून मी स्टॉपवॉच लावलं: मिनिटाला साधारण ११० शब्द. म्हणून प्रत्येक निवेदन ८० शब्दांचं, बाकी सेकंदं टाळ्यांची. त्या ८०मधली शेवटून दुसरी दोन वाक्यं कंसात. उशीर होत असेल तर कंस गाळायचा, विंगेतून टॉर्च लागला नाही तर वाचायचा.

आणि आयटमचं नाव नेहमी सर्वांत शेवटी. नाव घेतलं की टाळ्या पडतात आणि टाळ्या पडल्या की पोरं आत येतात. नाव आधी घेऊन मग माहिती सांगत बसलात, तर बिचारी पोझ घेऊन ताटकळतात.

स्लाइड नऊवर लिहिलं होतं Folk Dance, Std VII, 5 min. लोकनृत्य म्हणजे नेमकं काय, हे विचारल्यावर कळलं, दंडार! मी आधी 'महाराष्ट्राच्या मातीतलं रंगीबेरंगी लोकनृत्य' छापाचं काहीतरी पाठवलं होतं, नमुना म्हणून. निवेदिका पोरगी फोनवर म्हणाली, "ताई, हे मी म्हटलं तर माझे आजोबा हसतील. ते स्वतः दंडारीत होते." यापेक्षा चांगला मजकूर कुठून आणणार? मग तिच्याशी बोलून असं झालं:

"भात कापून झाला, दिवाळी सरली, की आपल्या झाडीपट्टीत रात्री जाग्या होतात. कुठे मंडई, कुठे नाटक. माझे आजोबा सांगतात, त्यांच्या तरुणपणी दंडार बघायला लोक बैलगाड्या जुंपून यायचे. (आज समोर बसलेल्यांपैकी किती जणांनी दंडारीत पाय धरलाय? हात वर करा बघू!) आता तुमचा तो वारसा सातवीची मुलं पुढे नेत आहेत. सादर आहे, दंडार!"

कंसातला प्रश्न पाहिलात? लोक हात वर करेपर्यंत पंधरा सेकंद सहज निघतात आणि ती भरायला एकही शब्द लिहावा लागत नाही.

शेवटची तपासणी पोरांच्या नावांची. स्लाइडवर फक्त इयत्ता असते, म्हणून मी प्रत्येक आयटमची यादी मागवली आणि शेजारी-शेजारी ठेवली. दंडारीतली सहा मुलं लगेच पुढच्या देशभक्तिपर गीतातही होती! धोतर सोडून पांढरा शर्ट घालायला दहा मिनिटं हवीत, ती कुठल्याही निवेदनाने भरून निघत नाहीत. तिथे क्रमच बदलायचा. मध्ये दोन आयटम घातले, की त्यांची आठ आणि तीन बदलांची तीन, अशी अकरा मिनिटं मिळाली.

क्रम बदलला की संहिता त्याच पीपीटीत, प्रत्येक स्लाइडखालच्या नोट्समध्ये टाका आणि Notes Pages प्रिंट करा. वर स्लाइड, खाली निवेदन. स्लाइड हलवली की मजकूरही तिच्याबरोबर हलतो. 'आता यानंतर' आणि 'आत्ताच आपण पाहिलंत' ही वाक्यं मात्र हाताने बदलावी लागतात. अक्षर मोठं ठेवा, कागदाच्या एकाच बाजूला छापा आणि पानांना स्टेपल मारू नका. ऐनवेळी बालवाडीचं फुलपाखरू रडायला लागलं, की एक पान उचलून खाली सरकवता आलं पाहिजे.