गायरानाचा निर्णय मंत्रालयात होतो की तलाठ्याच्या वहीत?

धोरण ठरवायचे लोकप्रतिनिधींनी आणि राबवायचे अधिकाऱ्यांनी, अशी विभागणी आपण नागरिकशास्त्रात शिकलो. वुड्रो विल्सन यांनी 1887 मध्ये एका निबंधात आणि फ्रँक गुडनाऊ यांनी 1900 मध्ये आपल्या ग्रंथात ती मांडली. राजकीय वशिल्याने नोकऱ्या वाटणाऱ्या अमेरिकेत तिची गरजही होती. पुढे पॉल ॲपलबी यांनी 1949 मध्ये दाखवले की अंमलबजावणी करतानाही प्रशासन धोरण घडवत असते. मायकेल लिप्स्की 1980 मध्ये आणखी खाली उतरले. नागरिकाला थेट भेटणारा शेवटचा कर्मचारी जे रोज ठरवतो, तेच लोकांच्या वाट्याला येणारे खरे धोरण, असे त्यांचे म्हणणे. हे तपासायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही. हिंगोली जिल्ह्यातले गायरान पुरेसे आहे.

भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 मध्ये सत्याग्रह झाले. त्या मागणीचा एक भाग 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयात आला. 1 एप्रिल 1978 ते 14 एप्रिल 1990 या काळात भूमिहीन मागासवर्गीयांनी शेतीसाठी केलेली सरकारी जमिनीवरची अतिक्रमणे, गायरानासह, नियमित करायचे त्यात ठरले. राजकीय निर्णय इथे संपला. पण अमुक कुटुंब 1990 च्या आधीपासून तिथे कसत होते, हे ठरवायचे कोणी आणि कशावरून?

इथे तलाठ्याची वही पुढे येते. सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणाची नोंद गाव नमुना 1-ई मध्ये होते. त्यात कसणाऱ्याचे नाव आणि क्षेत्र येते. दंड आकारला असेल तर त्याची पावतीही पुरावा ठरते. पुढे मंडळ अधिकारी, तहसीलदार, उपविभागीय अधिकारी आणि जिल्हाधिकारी हे सगळे मुख्यतः खालून आलेल्या कागदावरच मत बनवतात.

समजा, कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात दोन कुटुंबे 1985 पासून शेजारी शेजारी दोन-दोन एकर गायरान कसत आहेत. एकाचे नाव 1988 च्या नोंदीत आले आणि दंडाची पावतीही मिळाली. दुसऱ्याच्या तुकड्यापुढे त्या वर्षी ‘पडीक’ असा शेरा पडला. शासन निर्णय दोघांना सारखाच लागू आहे. तरी पहिले कुटुंब पात्र ठरते आणि दुसऱ्याचा अर्ज ‘पुरावा नाही’ म्हणून परत येतो. त्या एका शेऱ्याने दुसऱ्या कुटुंबापुरते धोरण बदलले.

हे नेहमी जातीय आकसाने किंवा पैशासाठीच होते असे नाही. अतिक्रमण रोखणे हेही तलाठ्याचेच काम. नोंद घेतली तर ‘तुम्ही ते होऊ कसे दिले?’ हा प्रश्न वरून येऊ शकतो. गुरे चारणाऱ्या बागायतदारांचा दबाव वेगळाच. नोंद टाळणे त्याच्यासाठी सोयीचे असते, आणि कसणाऱ्याचा हक्क मात्र त्याच नोंदीवर उभा असतो.

मग नियम अधिक काटेकोर केले तर? ‘भूमिहीन’ कोणाला म्हणायचे? वडिलांच्या नावावर अर्धा एकर असलेला मुलगा त्यात बसतो का? दुष्काळात एक वर्ष पेरणी चुकली तर ताबा तुटला का? कागद नसेल तर शेजाऱ्यांचे जबाब पंचनाम्यात घ्यायचे का? प्रत्येक नव्या नियमाचा अर्थ पुन्हा कोणीतरी लावणारच. म्हणूनच अभ्यासक अधिकाऱ्यांच्या या सहभागाला अटळ म्हणतात.

उलट दिशेनेही हेच घडते. जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवायला सांगितले. पण शासनाने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिले असतील, तर अशा अपवादांना त्याच निकालात जागा ठेवली. नोटीस देताना हा अपवाद पाहिला जातो की नाही, आणि पहिली नोटीस झोपडीला जाते की वाड्याच्या वाढीव भिंतीला, हे स्थानिक कार्यालयात ठरते.

त्यामुळे ‘जीआर आहे, मग झाले’ असे समजून कार्यकर्त्यांनी थांबू नये. 1978 ते 1990 चे 1-ई चे उतारे माहिती अधिकारात मागावेत. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला झाला, त्याआधीचे जिल्हास्तरीय आदेश परभणीच्या नावाने असतील, तेही शोधावेत. अर्ज फेटाळला तर कारण लेखी घ्यावे, कारण लेखी आदेशावर महसुली अपील करता येते. पंचनामा होताना जुने शेजारी हजर ठेवावेत. अधिकाऱ्याचा निर्णयाधिकार संपवता येत नाही, पण तो कागदावर आणता येतो. कागदावर आलेल्या निर्णयाला जाब विचारता येतो.