नावात अर्धा दागिना



बँकेत सोनेतारण कर्जाचा विभाग सांभाळताना एक कागद वारंवार हाती येत असे. घरच्या कर्त्या माणसाने तयार केलेली दागिन्यांची यादी. तिच्यात ‘हार 1, माळ 2, बांगड्या 4, नथ 1, पट्टा 1’ एवढाच मजकूर असे. कर्जासाठी त्यावाचून अडत नसे, कारण मूल्यमापक प्रत्येक नग स्वतः पाहून लिहीत असे. परंतु हीच यादी जेव्हा मृत्युपत्रात किंवा वाटणीपत्रात उतरते आणि लिहिणारी व्यक्ती खुलासा करण्यास हयात नसते, तेव्हा ‘माळ 2’ या दोन शब्दांवरून सख्ख्या भावंडांत अबोला येतो. म्हणून या वेळी दागिन्यांच्या नावांविषयी लिहीत आहे.

आपल्या पारंपरिक दागिन्यांची बहुतेक नावे दोन मार्गांनी पडलेली दिसतात. काही नावे दागिना कोठे घालायचा ते सांगतात. कंठाशी असते ती कंठी, मनगटावरची ती मनगटी, कमरेचा तो कंबरपट्टा. हातातील इतर बांगड्यांच्या पाठीमागे, कोपराच्या बाजूला घालायची ती पिछोडी. तिच्या नावातच ‘मागे’ हा अर्थ आहे. दुसऱ्या प्रकारची नावे दागिन्याचा घाट सांगतात. बोरांसारख्या मण्यांची ती बोरमाळ, मणी ठासून बसवलेली ती ठुशी, मानवी आकृतीचा ठसा असलेल्या गोल चकत्यांची ती पुतळ्यांची माळ. म्हणजे नाव एक तर स्थान सांगते किंवा घाट. दोन्ही गोष्टी सांगणारी नावे थोडी. यादी लिहिताना नावाने न सांगितलेला अर्धा भाग आपण शब्दांनी भरून काढायचा, एवढेच सूत्र लक्षात ठेवावे.

गळ्यापासून सुरुवात करू, कारण घोटाळा तेथेच सर्वाधिक होतो. गळ्यालगत बसणारे तीन दागिने पुष्कळांना सारखेच वाटतात. ठुशीत बारीक गोल मणी एकमेकांना भिडवून इतके दाट बसवतात की मधली फट दिसत नाही. मागे दोरी असते व ती सरकवून ठुशी सैल किंवा घट्ट करता येते. वज्रटिकेत असेच दाण्यांसारखे मणी ओळींनी पट्टीवर बसवलेले असतात, म्हणून ती रुंद आणि ताठ दिसते. तिच्या पाठीला बहुधा कापडाचे अस्तर असते. चिंचपेटीत मण्यांच्या जागी चौकोनी पेट्या असतात. त्या एकमेकींना जोडलेल्या, वर मोती आणि मध्यभागी रंगीत खडा. तेव्हा मणी दाट असतील तर ठुशी, मण्यांच्या ओळींची रुंद पट्टी असेल तर वज्रटीक आणि पेट्या असतील तर चिंचपेटी, एवढे पाहिले की पुरे. यादीत तिघींनाही ‘नेकलेस’ लिहिणे म्हणजे तिघींचेही नाव पुसून टाकणे होय.

गळ्यापासून खाली उतरणाऱ्या माळांत बोरमाळ आणि मोहनमाळ यांची अदलाबदल नेहमी होते. बोरमाळेचे मणी बोराच्या आकाराचे, किंचित लांबट आणि गुळगुळीत. मोहनमाळेचे मणी गोल व नक्षीदार, आणि माळ लांब, पुष्कळदा एकाहून अधिक पदरांची. तन्मणीत मात्र माळेपेक्षा पदक महत्त्वाचे. मोत्यांच्या सरांना खड्यांनी जडवलेले एकच पदक लावलेले असते. त्याला खोड म्हणतात. यादीत ‘मोत्यांची माळ’ असे लिहून खोडाचा उल्लेख राहिला, तर सर्वांत मौल्यवान भागच कागदावर येत नाही. कोल्हापुरी साज ज्या घरी असेल तेथे पाने मोजून लिहावीत. पूर्ण साजात 21 पाने धरण्याची पद्धत आहे. त्यात दशावतारांची 10, अष्टमंगलाची 8, माणिक आणि पाचू यांची 2 आणि एक डोरले. कमी पानांचेही साज करतात. म्हणून नुसते ‘साज 1’ लिहिल्यास पुढे एखादे पान हरवले की मुळात तेवढेच होते, हे सिद्ध करण्यास काहीच आधार उरत नाही.

आता एक उदाहरण. माझ्या परिचयाच्या एका घरी आईच्या पश्चात दोघी बहिणी वाटणीस बसल्या. आईने स्वहस्ते लिहून ठेवले होते : ‘बोरमाळ 3 तोळे मोठीला, दुसरी माळ धाकटीला.’ पेटीत दोन माळा निघाल्या. काट्यावर एक 30 ग्रॅम भरली, दुसरी 35. आज सराफी व्यवहारात तोळा म्हणजे 10 ग्रॅम धरतात, त्यामुळे 3 तोळ्यांची माळ ती 30 ग्रॅमचीच, असा सर्वांचा समज झाला आणि धाकटीकडे वजनदार माळ कशी जाते, यावर कुजबुज सुरू झाली. मी प्रथम मणी पाहण्यास सांगितले. 30 ग्रॅमच्या माळेचे मणी गोल, नक्षीदार आणि माळ दुपदरी. ती मोहनमाळ होती. 35 ग्रॅमच्या माळेचे मणी गुळगुळीत आणि लांबट. ती बोरमाळ. मग वजनाचा हिशेब. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. 3 तोळे म्हणजे 34.98, अर्थात 35 ग्रॅम. घाट आणि वजन या दोन स्वतंत्र खुणा एकाच माळेकडे बोट दाखवत होत्या. आईने ‘बोरमाळ’ हे नेमके नाव लिहिले होते म्हणूनच निर्णय झाला. तिने दोन्ही ठिकाणी नुसते ‘माळ’ लिहिले असते, तर चुकीच्या तोळ्याचा आधार घेऊन चुकीची वाटणी झाली असती.

त्याच बोरमाळेत आणखी एक गोष्ट होती. तिचे मणी पोकळ, आत लाख भरलेली. मण्याच्या भोकाशी भिंग धरले तर आतली काळपट-तांबूस लाख दिसते, आणि माळ आकाराच्या मानाने हातालाही हलकी लागते. काट्यावर दिसलेले 35 ग्रॅम हे लाखेसह एकूण वजन होते. निव्वळ सोने त्याहून कमी. तेव्हा अशा दागिन्यापुढे ‘लाखेचे’ हा शब्द अवश्य लिहावा, नाही तर वजनावरून किंमत काढून वाटणी समान केल्याचे समाधान फसवे ठरते. असा दागिना गरम पाण्यात धुऊ नये हेही ओघाने सांगतो. उष्णतेने लाख मऊ होते.

नाकातील दागिन्यांत सोने थोडे असते, त्यामुळे यादीत त्यांना एक शब्द मिळाला तरी खूप. नथ म्हणजे वळवलेल्या तारेत मोती गुंफलेला आणि मध्ये लाल, गुलाबी किंवा हिरवा खडा असलेला दागिना. मराठी स्त्री तो डाव्या नाकपुडीत घालते. चमकी म्हणजे एकच खडा आणि मागे फिरकी. बुलाक नाकपुडीत नव्हे, तर दोन नाकपुड्यांमधील पडद्यात घालतात आणि तो वरच्या ओठावर लोंबतो. नथीचे मोल वजनात नसून मोत्यांत आहे, म्हणून ग्रॅमपेक्षा मोत्यांची संख्या आणि खड्याचा रंग लिहिणे अधिक उपयोगाचे. नाक टोचलेले नसल्यास वापरता येणारी दाबाची नथ असेल तर तसे नमूद करावे.

हातातील दागिन्यांत पाटली रुंद व चपटी, गोठ जाड आणि गोल. दोन्ही जोडीने घालतात. यादीत ‘पाटल्या 2’ म्हणजे एक जोड की दोन जोड, हे स्पष्ट असावे. तोड्यांच्या बाबतीत नाव अपुरे पडते. मराठी घरात तोडे म्हटले की प्रथम मनगट आठवते. परंतु तोडे पायातही असतात, आणि मारवाडी घरातून आलेल्या सूनबाई ‘तोडा’ म्हणतील तेव्हा त्यांच्या मनात पायातला चांदीचा दागिना असेल. म्हणून ‘हातातील तोडे’ किंवा ‘पायातील तोडे’ असे स्थान लिहिल्याखेरीज ही नोंद पूर्ण होत नाही.

आपल्या समाजात मराठी, मारवाडी, गुजराती आणि कानडी बोली एकाच घरात नांदतात, त्यामुळे असे प्रसंग वरचेवर येतात. राजस्थानात ‘बोर’ हा माथ्यावर, भांगाच्या टोकाशी घालायचा दागिना आहे. फळ तेच आणि घाटही त्याच फळावरून घेतलेला. स्थान मात्र गळ्याऐवजी मस्तक. कमरेचा दागिना गुजरातीत ‘कंदोरो’, राजस्थानीत ‘कणकती’, मराठीत कंबरपट्टा. मराठी करगोटा बहुधा दोऱ्याचा किंवा साखळीचा असतो, तर कंबरपट्टा रुंद आणि जोडलेल्या घाटांचा. दोघांना ‘पट्टा’ या एका शब्दात बसवू नये. छल्ला मराठी घरात कमरेला खोचायचा, किल्ल्या अडकवण्याचा. हिंदीत छल्ला म्हणजे बोटातील वळे. शिवाय कमरेचा पट्टा पिवळा दिसला म्हणून सोन्याचा समजू नये. चांदीच्या पट्ट्यावर सोन्याचे पाणी दिलेले असू शकते, म्हणून धातूही लिहावा.

आता वरील बोरमाळेची नोंद यादीत कशी असावी ते पाहा : ‘गळ्यातील बोरमाळ, एकपदरी, गुळगुळीत लांबट सोन्याचे मणी लाखेचे, एकूण वजन 35 ग्रॅम.’ प्रथम स्थान, मग घरात रूढ असलेले नाव, मग घाट आणि शेवटी धातू व वजन. मण्यांची संख्या मोजून घातली तर अधिक चांगले. एका नगाला एक ओळ पुरते. सोबत छायाचित्र जोडावे, पण ओळ वगळू नये. छायाचित्रात लाख दिसत नाही, वजन दिसत नाही आणि घरात त्या दागिन्याला काय म्हणत होते तेही दिसत नाही.

ही यादी घरातील सर्वांत वडीलधाऱ्या स्त्रीसमोर बसून लिहावी. पेटीतील प्रत्येक नग तिच्या हाती द्यावा आणि ती जे नाव घेईल तेच प्रथम उतरवावे. सराफाचे नाव वेगळे असेल तर ते पुढे लिहावे. दोन्ही नावे एकाच ओळीत आली की आईची चिठ्ठी आणि सराफाची पावती पुढील पिढीस जुळवता येते.