रोजची रोकड आणि तिमाहीचा ताळेबंद

पेढीवर रोजची रोकड मोजली जाते. परंतु धंदा नफ्यात आहे की तोट्यात, हे ताळेबंदच सांगतो. मधुमेहातही बोट टोचून मिळणारा आकडा ही त्या क्षणाची रोकड होय. प्रयोगशाळेतील ‘एचबीए१सी’ तपासणी मागील दोन-तीन महिन्यांचा ताळेबंद मांडते.

एक प्रातिनिधिक उदाहरण पाहावे. अठ्ठावन्न वर्षांचे एक कापड व्यापारी केवळ मेटफॉर्मिन घेत असत. वर्षभर रोज पहाटे बोट टोचून ते वहीत आकडा लिहीत : 128, 119, 134. ग्लुकोमीटरमध्ये साधारण पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य असतो, हे ठाऊक नसल्याने सहा आकड्यांची वाढही त्यांना अस्वस्थ करी. अखेर कंटाळून त्यांनी यंत्र कपाटात ठेवले. पुढच्या तपासणीत एचबीए१सी 7.9 निघाले. पहाटेचे आकडे बरे होते. चूक दिवसात अन्यत्र दडलेली होती.

डॉक्टरांनी त्यांना तीनच दिवस मोजण्यास सांगितले. रोज एका जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा; बोटे धुऊन व कोरडी करून, टोचणी बोटाच्या कडेला. नाश्त्याला 126 चे 170 झाले, दुपारी 139 चे 188. मात्र सूर्यास्तापूर्वीच्या चौविहाराच्या जेवणानंतर 148 चे 247. घाईत भरपूर भात आणि लगेच गादीवर बैठक, हे त्याचे कारण होते. भात निम्मा झाला, जेवणानंतर पंधरा मिनिटे चालणे आले. दोन आठवड्यांनी तेच जेवण पुन्हा मोजले, तेव्हा 141 चे 182 झाले. तीन महिन्यांनी एचबीए१सी 7.2 आले. रोजची टोचणी थांबली, ती थांबलीच.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात इन्सुलिन न घेणाऱ्या 450 रुग्णांवर झालेल्या अभ्यासातही (2017) वर्षअखेर रोज मोजणारे आणि न मोजणारे यांच्या एचबीए१सीमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. मोजणीमागे प्रश्न असावा आणि उत्तरानंतर काही बदलावे, तरच ती सार्थ. एचबीए१सी मात्र दर तीन महिन्यांनी, स्थिर झाल्यावर सहा महिन्यांनी करावेच.

अपवादही आहेत. औषध बदलले, ताप आला किंवा स्टेरॉइड सुरू झाले, तर काही दिवस मोजावे. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांची साखर उपवासात धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून पर्युषणात पच्चक्खाण घेण्यापूर्वीच डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. उपवासात घाम, थरथर किंवा गोंधळ जाणवताच मोजावे. 70 च्या खाली आकडा आला, तर तीन चमचे साखर पाण्यातून तत्काळ घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. यंत्र जवळ नसल्यास साखर आधी घ्यावी. त्या दिवशी व्रत तिथेच थांबवावे.