पेढ्याचे दिवस कोठून मोजावेत?

आपल्या समाजात पेढा आणि बर्फी यांच्यावाचून कोणतेही कार्य पुरे होत नाही. महावीर जयंती, पर्युषणानंतरची पारणी, नव्या पेढीचे उद्घाटन, मुलाचा परीक्षेतील निकाल, या सर्व प्रसंगी खव्याची मिठाई डब्यांतून घरोघरी जाते आणि तेथे फडताळात, देव्हाऱ्याशेजारी किंवा दुकानाच्या गल्ल्याजवळ चार-सहा दिवस सहज पडून राहते. प्रसाद टाकवत नाही. अन्न वाया घालविणे तर आपल्या संस्कारातच बसत नाही. मग कोणी म्हणतो, "वास तर आला नाही, खायला हरकत काय?" या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी बहुतेकजण चुकीच्या ठिकाणी शोधतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम आपल्या परंपरेकडेच पाहू. श्वेतांबर घरांतून मिठाईची मर्यादा हिवाळ्यात ३०, उन्हाळ्यात २० आणि चातुर्मासात १५ दिवस अशी सांगितली जाते. ही मर्यादा आज सरसकट प्रत्येक मिठाईला लावली जाते, आणि घोटाळा होतो तो येथे. तुपात खरपूस भाजलेल्या पिठाच्या अथवा पक्क्या पाकाच्या मिठाईसाठी हे दिवस आहेत. ज्या खव्यात ओल शिल्लक आहे त्याच्या मिठाईला जुनी जाणती मंडळी वेगळे काढीत. कच्च्या माव्याचा पेढा शिळा झाला की तो त्यांच्या लेखी अभक्ष्य ठरे. हा भेद विसरून बेसनाच्या लाडवाचे दिवस मऊ पेढ्याला देणे म्हणजे मर्यादेचे नाव घेऊन मर्यादा मोडणे होय.

या भेदामागील कारण पाण्यात आहे. पाच लिटर म्हशीचे दूध आटविले म्हणजे साधारण एक किलो खवा पडतो, आणि पेढ्याला वापरतात त्या घट्ट खव्यातही जवळजवळ तिसरा हिस्सा पाणीच असते. त्यात साखर घालून पुन्हा परतले की काही पाणी उडून जाते आणि उरलेल्यापैकी बरेचसे साखर आपल्यापाशी धरून ठेवते. जंतूंना उपयोगी पडते ते मोकळे पाणी, आणि पेढा टिकतो तो हे मोकळे पाणी कमी झाल्यामुळे. धारवाडी पेढ्यात खवा तपकिरी होईपर्यंत भाजतात व वरून पिठीसाखरेत घोळवितात, म्हणून तो पांढऱ्या मऊ पेढ्यापेक्षा अधिक दिवस निभावतो. मात्र केवळ रंगावर जाऊ नये. आमच्या बेळगावचा कुंदाही तपकिरीच असतो, पण तो ओलसर असतो; त्याला धारवाडी पेढ्याचे दिवस देता येत नाहीत. अलीकडे 'कमी गोड' पेढ्याची आवड वाढली आहे. आवड आपल्या जागी ठीक आहे. पण साखर कमी केली की पाणी मोकळे राहते आणि टिकण्याचे दिवसही घटतात, हे मागणी देणाऱ्याने आणि करणाऱ्याने दोघांनीही ध्यानात ठेवावे.

आता वासाविषयी. आंबूस वास, वरचा चिकटपणा, कडेला आलेली करडी-हिरवी बुरशी, ही बिघाडाची उघड चिन्हे आहेत. ती दिसली की मिठाई टाकावी, बुरशी खरवडून उरलेली खाऊ नये. परंतु खरा धोका ज्याचा आहे त्याची एकही खूण नाकाला किंवा जिभेला लागत नाही. स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू माणसाच्या नाकात, हातावरच्या कापलेल्या जखमेत, फोडात वसतो आणि तेथून हाताबरोबर खव्यात उतरतो. इतर जंतू ज्या साखरेपुढे हरतात, ती याला बरीच सोसते. उबेत तो वाढला म्हणजे एक विष तयार करतो. असा पेढा खाल्ल्यावर बहुधा एक ते सहा तासांच्या आत जोराच्या ओकाऱ्या आणि पोटात कळा सुरू होतात. सशक्त माणूस एका दिवसात सावरतो. लहान मूल व वृद्ध यांना मात्र अंगातील पाणी कमी होण्याचा धोका असतो.

या विषाचा एक गुण प्रत्येक यजमानाला ठाऊक असला पाहिजे. खवा पुन्हा कढईत परतला तर जंतू मरतो, पण आधी तयार झालेले विष त्या उष्णतेने नाहीसे होत नाही. म्हणून पेढ्याचे दिवस पेढा वळल्यापासून मोजणे पुरेसे नाही. ते खवा थंड झाला तेव्हापासून मोजले पाहिजेत.

एक उदाहरण घेऊ. समजा, महावीर जयंती गुरुवारी आहे. गावाकडे सोमवारी संध्याकाळी खवा आटविला गेला, मंगळवारी तो टोपलीत फडक्याखाली एसटीने शहरात आला आणि रात्रभर दुकानात उघड्या हवेत राहिला. बुधवारी सकाळी त्याचे पेढे झाले आणि डब्यावर बुधवारची तारीख पडली. गुरुवारी वाटप झाले, शुक्रवारी एक डबा हैदराबादच्या लेकीकडे निघाला आणि रविवारी संध्याकाळी तो तेथे उघडला गेला. डबा म्हणतो चार दिवस. खवा म्हणतो सहा, आणि तेही चैत्रातील उकाड्याचे. पहिले दोन दिवस डब्यावर कोठेच नोंदलेले नाहीत. तोच खवा आल्याबरोबर शीतकपाटात गेला असता, किंवा मंगळवारी सकाळी आटवून त्याच दिवशी परतला असता, तर हिशेब पुष्कळ सुधारला असता.

दुसरी गोष्ट हाताची. बर्फी गरम असतानाच ताटात थापतात आणि सुरीने कापतात. पेढा मात्र कोमट झाल्यावर एकेक करून तळहातावर वळतात आणि अंगठ्याने दाबतात. त्यानंतर त्याला पुन्हा आच लागत नाही. म्हणून दोन्हींत पेढा अधिक जोखमीचा. वळणाऱ्याच्या बोटाला चिंधी बांधलेली असेल, तर त्या दिवशी त्याला दुसरे काम द्यावे. गरम पेढे डब्यात भरून झाकण लावू नये. वाफेचे पाणी झाकणावरून खाली उतरते आणि बुरशी तेथूनच सुरू होते.

केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईपुढे 'अमुक तारखेपर्यंत वापरावी' अशी पाटी लावणे बंधनकारक केले. त्यांच्या मार्गदर्शनात कलाकंद एका दिवसाचा, तर पेढा व साधी बर्फी चार दिवसांची धरली आहे. आम्ही हे चार दिवस स्वच्छ हातांनी, ताज्या खव्यातून केलेल्या मालाचे समजतो. उन्हाळ्यात व पावसाळ्यात मऊ पेढा बाहेर ठेवून दोन दिवसांहून अधिक वापरू नये. अधिक ठेवणे असेल तर पहिल्याच दिवशी घट्ट डब्यात शीतकपाटात ठेवावा. तिसऱ्या दिवशी आठवण होऊन आत ठेवल्याने मागचे दिवस पुसले जात नाहीत.

आमची संघाच्या कार्यकारिणीला सूचना अशी की, पुढील वार्षिक संमेलनाचे पेढे मागविताना खवा कोणत्या दिवशी आटविला ते हलवायाकडून लेखी घ्यावे आणि तीच तारीख प्रत्येक डब्यावर छापावी. ज्यांना डबा परगावी पाठवावयाचा असेल त्यांच्यासाठी धारवाडी पेढा किंवा बेसनाचे लाडू वेगळे मागवावेत. दर किलोमागे थोडा खर्च वाढेल, तो वर्गणीतून सोसण्यास सभासदांची ना नसावी.